मऊ जेवण आणि भरपूर फायबर: कवळी असलेल्यांना दोन्ही एकाच ताटात कसं मिळतं?

दातांचे डॉक्टर सांगतात, मऊ खा. पोटाचे डॉक्टर सांगतात, फायबर वाढवा. पहिल्याचं ऐकलं तर ताटात दुधात भिजवलेला पाव, गुरगुट्या भात आणि गाळलेलं सूप येतं. दुसऱ्याचं ऐकायचं म्हटलं की डोळ्यांसमोर कच्चं गाजर, सालीसकट सफरचंद आणि कोंड्याची कडक बिस्किटं उभी राहतात. ज्यांच्या तोंडात चार हलणारे दात आहेत किंवा पूर्ण कवळी आहे, त्यांच्याकडे बहुतेक वेळा पहिला सल्ला जिंकतो. हिरडी टोचली की त्याच क्षणी कळतं, पोट मात्र हळूहळू बिघडत जातं. मग बद्धकोष्ठतेवर रेचक सुरू होतं आणि ते वर्षानुवर्षं चालू राहतं.

हे दोन सल्ले एकमेकांच्या विरोधात आहेत, अशी समजूत घट्ट बसली आहे. कडकपणा म्हणजेच फायबर, हे त्या समजुतीचं मूळ. ते तपासून पाहिलं की बराचसा गुंता तिथेच सुटतो.

फायबर म्हणजे काय आणि किती लागतं?

वनस्पतीचा जो भाग आपल्या लहान आतड्यात पचत नाही आणि पुढे मोठ्या आतड्यापर्यंत जातो, तो फायबर. तो धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं आणि बिया यांतच असतो. दूध, अंडी, मासे आणि मांस यांत तो नसतो. मोठ्या आतड्यात गेल्यावर त्यातला काही भाग पाणी धरून ठेवतो, त्यामुळे मल मऊ राहतो. काही भाग तिथले जीवाणू खातात आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर आतड्याच्या आतल्या थराचं पोषण होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये प्रौढांसाठी दिवसाला किमान 25 ग्रॅम फायबर सुचवलं आहे, तेही गोळ्या-पावडरींतून नव्हे, नेहमीच्या अन्नातून. हे फायबर कच्च्या किंवा करकरीत पदार्थांतूनच मिळालं पाहिजे, अशी अट कुठेही नाही.

शिजवून गाळ केलं तर फायबर उरतं का?

उरतं. भाजीचा तुकडा ही विटांची भिंत आहे असं समजा. विटा म्हणजे वनस्पतीच्या पेशी आणि त्यांना जोडणारा चुना म्हणजे पेक्टिन. पाण्यात उकळलं की चुना विरघळतो आणि भिंत ढासळते, म्हणजे भाजी मऊ होते. विटांचं कवच मुख्यतः सेल्युलोजचं असतं. ते घरच्या आचेवर विरघळत नाही. विरघळलेलं पेक्टिनसुद्धा फायबरच आहे, ते फक्त भाजीतून पाण्यात उतरतं. म्हणून भाजी शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, त्याच भाजीत किंवा सूपमध्ये जिरवा.

100 ग्रॅम कच्च्या गाजरात साधारण 3 ग्रॅम फायबर असतं आणि 100 ग्रॅम शिजवलेल्या गाजरातही जवळपास तेवढंच. फायबर खरं तर तीन ठिकाणी निसटतं: धान्याचा कोंडा काढताना, साल काढून फेकताना आणि गाळणीत. मऊ जेवणाच्या नावाखाली घरात नेमक्या याच तीन गोष्टी होतात. सूप मऊ व्हावं म्हणून ते गाळतात. पण ते मऊ होतं शिजवण्याने, गाळण्याने फक्त चोथा जातो.

आता थोडं चुलीजवळचं. कडधान्यं तासन्‌तास शिजवूनही टणक राहतात, अशी तक्रार असते. त्याची कारणं बहुधा तीनच असतात. एक, ती जुनी असतात. दोन, पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला धरून ठेवतं आणि चुना पक्का राहतो. तीन, टोमॅटो, लिंबू किंवा दुसरं काही आंबट सुरुवातीलाच घातलेलं असतं. आंबटात पेक्टिन लवकर सुटत नाही, म्हणून आंबट नेहमी दाणा बोटांत चिरडण्याइतका मऊ झाल्यावरच घालावं. भिजवण्याच्या पाण्यात थोडं मीठ टाकलं तर सालं लवकर मऊ होतात. चिमूटभर खायचा सोडाही काम करतो, पण त्याने काही जीवनसत्त्वं कमी होतात आणि शरीरात सोडियम जातं, त्यामुळे रक्तदाब असलेल्यांसाठी त्याची सवय लावू नये.

राजम्याबाबत एक सूचना, कारण ही चूक महागात पडते. कच्च्या राजम्यात पोटाला विषारी ठरणारं एक प्रथिन असतं. राजमा किमान पाच तास भिजवून ते पाणी फेकावं आणि ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळावा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात थेट टाकून दिवसभर ठेवला तर तो मऊ लागतो, पण ते प्रथिन शाबूत राहू शकतं आणि उलट्या-जुलाब होतात.

कवळीने नेमकं काय चावता येत नाही?

पूर्ण कवळी असलेल्या माणसाच्या चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका, कित्येकदा त्याहून कमी असतो. कारण हा जोर शेवटी हिरडीच्या नाजूक त्वचेवर येतो. त्यातही खालची कवळी जास्त हलते, कारण तिला टाळूसारखा रुंद आधार नसतो. पुढच्या दातांनी सफरचंदाचा चावा घेतला की कवळी मागून उचकटते. म्हणून कवळीने तोडायचं नाही. तुकडा आधीच कापून घ्यायचा, घास दोन्ही बाजूंना वाटून घ्यायचा आणि दोन्हीकडून एकदम दाबायचं.

पण जोर हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. मऊ असूनही कवळीला त्रास देणारे पदार्थ पुष्कळ आहेत आणि घरच्यांची गफलत नेमकी इथे होते. टोमॅटोची बी किंवा तिळाचा दाणा कवळीखाली गेला की प्रत्येक घासाला हिरडीत रुततो. मटार आणि मक्याची पातळ सालं सुटी होऊन कडेला चिकटतात. पालेभाजीचं अख्खं पान शिजल्यावर ओल्या कागदासारखं टाळूला बसतं आणि जीभ फिरवूनही सुटत नाही. ताजा पांढरा पाव हाताला मऊ लागतो, पण तोंडात त्याचा चिकट गोळा होतो. उतारवयात अनेक औषधांमुळे लाळ कमी सुटते, तेव्हा तर हा गोळा घशात अडकण्याइतका घट्ट होतो.

उपाय पदार्थागणिक वेगळा आहे. पालेभाजी शिजवण्याआधी बारीक चिरावी, जाड देठ वेगळे काढून ते आणखी शिजवावेत. लांब धागे असलेल्या भाज्या धाग्यांना आडव्या कापाव्यात, म्हणजे धागे आखूड होतात. मटार सालासकट वाटून टाकावेत. जवसासारख्या बिया अख्ख्या देऊ नयेत. त्या दळून ओल्या पदार्थात मिसळाव्यात, एरवी अख्खी बी न चावता तशीच पुढे जाते. आणि प्रत्येक घासाला ओलावा हवा. कोरडा मऊ पदार्थ आणि ओला मऊ पदार्थ यांत कवळीवाल्याला मोठा फरक पडतो.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. वरच्या कवळीने टाळू झाकला जातो, त्यामुळे पदार्थ किती गरम आहे हे उशिरा कळतं. दाट सूप आणि खिरी उष्णता बराच वेळ धरून ठेवतात. वरून निवलेलं दिसतं, आत चटका बसण्याइतकं गरम असतं. ढवळून, थोडं थांबून द्यावं.

पुरेसं मऊ झालं हे ओळखायचं कसं?

"चांगलं शिजलंय" हे दात असलेल्या माणसाने चाखून ठरवण्यात अर्थ नाही. गिळण्याच्या त्रासासाठी अन्नाचे प्रकार ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकात एक सोपी चाचणी आहे, ती घरी करता येते. साधारण दीड सेंटिमीटरचा तुकडा ताटलीत ठेवा. काट्याच्या पाठीने त्यावर अंगठ्याने दाबा, इतकं की अंगठ्याचं नख पांढरं पडेल. तुकडा चपटा झाला पाहिजे आणि काटा उचलल्यावर पुन्हा फुगून उभा राहता कामा नये. गाजराचा मधला पिवळसर भाग या परीक्षेत हमखास नापास होतो. बाहेरून शिजलेलं गाजर आतून टणक असतं, म्हणून ते अख्खं उकडण्याऐवजी पातळ चकत्या करून शिजवावं.

एका दिवसाचा हिशेब

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी धरू. वरखाली पूर्ण कवळी, चालतंफिरतं शरीर, गिळताना त्रास नाही, दोन-तीन दिवसांआड शौचाला जातात. सकाळी दुधात पांढऱ्या पावाचे दोन तुकडे, दुपारी मऊ पांढरा भात आणि गाळलेलं सूप, चार वाजता गाळलेला फळांचा रस, संध्याकाळी एक केळं, रात्री कुस्करलेला बटाटा आणि अंडं. पोट भरतं, पण फायबर मोजलं तर पावातून जेमतेम सव्वा ग्रॅम, भातातून अर्धा, रसातून अर्धा, केळ्यातून 3 आणि दीडशे ग्रॅम बटाट्यातून अडीच मिळतं. सूपमधलं बहुतेक गाळणीत राहिलं. दिवसभरात जेमतेम 8 ग्रॅम.

आता जेवणाच्या वेळा आणि पोत तसेच ठेवून फक्त आतलं बदलू. पावाच्या जागी 40 ग्रॅम ओट्स दुधात शिजवून, पाच-दहा मिनिटं झाकून ठेवले. यातून 4 ग्रॅम. रसाच्या जागी एक पेर सोलून, फोडी करून थोड्या पाण्यात शिजवून, त्याच पाण्यात कुस्करलं. यातून साधारण 3. इथे साल काढलीच आहे. पेरची साल शिजूनही चिवट राहते आणि फळाच्या गरात पुरेसं फायबर असतं, तेव्हा सालीचा हट्ट धरायची गरज नाही. गाळलेल्या सूपच्या जागी अर्धी वाटी, म्हणजे 75 ग्रॅम शिजवलेली मसूर आणि गाजराच्या चकत्या एकत्र घोटून, न गाळता. मसुरीतून 6 आणि गाजरातून 2. रात्रीच्या बटाट्यातला अर्धा काढून तेवढा वाटलेला मटार मिसळला, दोघांचे मिळून 5. भात, केळं, अंडं तसंच. बेरीज सुमारे 24 ग्रॅम.

सगळ्यात मोठी उडी कुठे आहे ते पाहा. एकट्या अर्ध्या वाटी मसुरीने आधीच्या अख्ख्या दिवसाच्या पाऊण हिस्सा फायबर दिलं. मऊ जेवणात फायबर आणायचं असेल तर फळांआधी कडधान्यांकडे वळावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्यातून प्रथिनंही मिळतात आणि म्हातारपणी घटणाऱ्या स्नायूंना ती लागतातच. ज्यांची भूक फार कमी आहे त्यांना पाण्यासारख्या पातळ सूपने भरवू नये. फायबरने पोट लवकर भरतं, म्हणून त्याच वाटीत थोडं तेल, लोणी किंवा दूध घालून घास दमदार करावा आणि दर आठवड्याला वजन बघावं. वजन उतरायला लागलं तर फायबर वाढवणं थांबवून आधी उष्मांक भरून काढावेत.

एवढं अचानक दिलं तर गॅस होणार नाही का?

होणार. 8 वरून 24 वर एका दिवसात गेलं तर पोट फुगतं, गुडगुडतं आणि आजी म्हणतात, "मला नाही मानवत." मग सगळा प्रयोगच बंद पडतो. मोठ्या आतड्यातले जीवाणू नव्या खाद्याशी जुळवून घ्यायला वेळ घेतात. म्हणून एका आठवड्याला एकच बदल करावा. पहिल्या आठवड्यात फक्त ओट्स, दुसऱ्यात पेर. मसूर तिसऱ्या आठवड्यात निम्मी आणि चौथ्यात पूर्ण, कारण गॅस तीच जास्त करते. मटार शेवटी. एखादा आठवडा जड गेला तर तिथेच थांबावं, मागे फिरू नये.

सोबत पाणी हवंच. फायबर पाणी धरतं, ते मिळालं नाही तर मल उलट घट्ट होतो. म्हातारपणी तहान कमी लागते, त्यामुळे "तहान लागेल तेव्हा प्या" हे सांगणं पुरत नाही. प्रत्येक जेवणासोबत आणि मधल्या वेळी एकेक पेला ठरवून द्यावा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाण्याची मर्यादा घातली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच हा बदल करावा.

सरळ मिक्सरमधून फिरवून दिलं तर?

मिक्सर फायबर नष्ट करत नाही, फक्त त्याचे तुकडे बारीक करतो. गाळणी वापरली नाही तर ग्रॅम तेवढेच राहतात. तरी सगळं जेवण मिक्सरमधून काढायच्या मी विरोधात आहे. बारीक केलेल्या पदार्थातली साखर आणि पिष्ट लवकर पचतात, त्यामुळे मधुमेह असलेल्यांची रक्तातली साखर त्याच पदार्थाने जास्त वेगाने चढू शकते.  शिवाय सगळ्याला एकच रंग आणि एकच चव आली की माणूस चार घासांत हात आखडता घेतो. जे काट्याखाली चिरडतं ते तुकड्यांतच द्यावं. मिक्सरमध्ये फक्त अडणारं जावं: कडधान्यांची सालं, मटार, जाड देठ. काबुली चणे गरम असतानाच, शिजवलेल्या पाण्यासकट, नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरवले तर सालाची कचकच राहत नाही. थंड चणे कितीही फिरवा, खरखरीतच लागतात.

इसबगोल आहेच की, मग एवढा खटाटोप कशाला?

इसबगोलाने पोट साफ व्हायला मदत होते, हे खरं. पण ते म्हणजे जेवण नव्हे. त्यात डाळीतलं प्रथिन किंवा भाजीतली खनिजं नाहीत. घ्यायचंच असेल तर पेलाभर पाण्यात ढवळून, फुगायच्या आत लगेच प्यावं आणि वर आणखी पाणी घ्यावं. कोरडं चमच्याने तोंडात टाकलं तर ते घशातच फुगून अडकू शकतं. इतर औषधं त्याच्या आधी किंवा नंतर दोनेक तासांचं अंतर ठेवून घ्यावीत. गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला ते देऊच नये. गव्हाचा कोरडा कोंडा दुधावर भुरभुरणं हाही असाच शॉर्टकट आहे. कवळीखाली तो वाळूसारखा टोचतो आणि पाणी कमी पडलं तर पोट जड करतो.

हे कोणासाठी नाही?

चावता न येणं आणि गिळता न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेवताना वारंवार ठसका लागणं, जेवणानंतर आवाज घोगरा-ओला होणं, घास गालात साठून राहणं, पुन्हा पुन्हा छातीत संसर्ग होणं ही गिळण्यातल्या बिघाडाची लक्षणं आहेत. पक्षाघात, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश असलेल्यांत ती विशेष दिसतात. तिथे अन्न किती मऊ आणि किती दाट हवं हे गिळण्याच्या तज्ज्ञांनी तपासून ठरवायचं असतं. मसुरीच्या वाटीने तो प्रश्न सुटत नाही.

आतडं कुठे अरुंद झालेलं असेल, पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल किंवा मल आतच घट्ट अडकून बसला असेल, तर फायबर वाढवल्याने त्रास वाढतो. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलं असेल तर कडधान्यं आणि केळी मोजून घ्यावी लागतात. वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर पालेभाज्यांचं प्रमाण एकदम वाढवू किंवा घटवू नये. शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणं, उतारवयात अचानक बदललेली शौचाची सवय, किंवा पोट फुगून उलट्या होणं आणि वायूही न सरणं, यांपैकी काहीही दिसलं तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. शेवटच्या प्रकारात तर त्याच दिवशी.

नवी कवळी बसवली की प्रश्न मिटेल का?

सैल झालेली कवळी जरूर दुरुस्त करावी. दात गेल्यावर जबड्याचं हाड वर्षानुवर्षं झिजत राहतं, त्यामुळे एकेकाळी घट्ट बसणारी कवळी पुढे हलायला लागते. कित्येकदा नवी न करता आतून नवा थर देऊन भागतं. हिरडीवर एकाच जागी फोड येत असेल तर चिकटवणाऱ्या पेस्टचा थर वाढवत राहण्यापेक्षा ती जागा दातांच्या डॉक्टरांना दाखवावी.

पण नुसती चांगली कवळी मिळाली म्हणून आहार आपोआप सुधारत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे. वर्षानुवर्षं टाळलेले पदार्थ माणूस त्यानंतरही टाळतच राहतो. म्हणून नव्या कवळीच्या पहिल्या आठवड्यांत वर सांगितलेलंच मऊ जेवण ठेवावं आणि मग दर काही दिवसांनी तुकडा थोडा मोठा, थोडा कमी शिजवलेला करत जावा. आधी घोटलेलं गाजर, मग चकत्या, मग बोटाएवढे उकडलेले तुकडे. कच्च्या गाजरापर्यंत पोचलंच पाहिजे असं मुळीच नाही.